आईच्या डायलिसिससाठी कमी तासांचा अर्ज

डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालतं. आई-वडिलांच्या आजारपणासाठी कामाचे तास कमी करून देण्याची सक्ती खासगी कंपनीवर नाही. त्यामुळे सगळी भिस्त अर्जावर.

पुण्यातल्या एखाद्या लेखापालाने ‘काही दिवस सवलत मिळावी’ एवढंच लिहिलं, तर साहेबांना निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी लिहावं : ‘१ जुलै ते ३० सप्टेंबर, सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारी दोनपर्यंत काम करीन, जीएसटीची विवरणपत्रं मंगळवार-गुरुवारी पूर्ण करीन.’ सोबत डॉक्टरांचं पत्र जोडावं.

पगार तासांच्या प्रमाणात घटेल.

मात्र ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते. याच काळात नोकरी सुटली, तर अनेक वर्षांच्या सेवेची रक्कम घटू शकते. म्हणून पूर्ण पगार पुन्हा सुरू होण्याची तारीख मंजुरीपत्रात लिहून घ्यावी.