द्विनोंदी पद्धती

द्विनोंदी पद्धती (दुहेरी नोंद पद्धती) ही पुस्तपालनाची अशी रीत आहे, की जिच्यात प्रत्येक व्यवहाराची नोंद किमान दोन खात्यांत होते: एका खात्याच्या नावे बाजूस आणि दुसऱ्या खात्याच्या जमा बाजूस, सारख्याच रकमेने. नावे म्हणजे डेबिट व जमा म्हणजे क्रेडिट. व्हेनिस येथे १४९४ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या गणितग्रंथात लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले. पद्धत त्याने शोधली नाही. इटलीतील व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरत होते.

== दोन खाती का? ==

व्यवहार म्हणजे देवाणघेवाण. पैसा, माल किंवा पैसे देण्याचे वचन कोठून तरी निघते आणि कोठे तरी पोहोचते. निघण्याचे ठिकाण हे एक खाते व पोहोचण्याचे ठिकाण हे दुसरे. एकच टोक लिहिले, तर दुसऱ्या टोकाला काय झाले ते लिहिणाऱ्याच्या आठवणीवर सोडावे लागते.

पुणे–नाशिक रस्त्यावरील कळंब (तालुका आंबेगाव) येथे एकाने कृषी सेवा केंद्र काढले, अशी कल्पना करू. कर वगैरे बाबी येथे बाजूला ठेवल्या आहेत. मालकाने घरातील ५०,००० रुपये दुकानात घातले. त्यातून ८,००० रुपये रोख देऊन फडताळे घेतली. मंचरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून ३०,००० रुपयांची खते व बियाणे उधारीवर आणली. एका कांदा उत्पादक शेतकऱ्याला ९,६०० रुपयांचा माल, कांदा निघाल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर दिला. काही दिवसांनी त्या शेतकऱ्याने ४,००० रुपये आणून दिले आणि मालकाने ठोक व्यापाऱ्याला १०,००० रुपये पोहोचते केले.

मालकाजवळ केवळ आलेल्या-गेलेल्या रोकडीची खिशातील वही असेल, तर तिच्यात ५४,००० रुपये आले, १८,००० गेले आणि ३६,००० उरले एवढेच दिसेल. घातले पन्नास हजार, उरले छत्तीस हजार. म्हणजे १४,००० रुपयांचा तोटा झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तोटा झालेला नाही. फडताळे दुकानात उभी आहेत, माल शिल्लक आहे आणि शेतकऱ्याकडून येणे आहे. उलट बाजूने ठोक व्यापाऱ्याचे देणेही आहे, आणि तेही त्या वहीत नाही. उधारीचे दोन्ही व्यवहार तिच्यात उमटलेच नाहीत, कारण त्या क्षणी रोकड हललीच नव्हती.

== नोंदी कशा होतात ==

मालकाने पैसे घातले तेव्हा रोख खाते नावे आणि भांडवल खाते जमा झाले. नवशिक्याला अडखळायला होते ते येथेच. मालकाचेच दुकान आणि मालकाचेच पैसे, मग दुसरे खाते कोणाचे? पुस्तपालनात दुकान आणि मालक हे दोन वेगळे पक्ष मानले जातात. दुकानाला रोकड मिळाली आणि तेवढ्याच रकमेचे दुकान मालकाला देणे लागू लागले. या देण्यालाच भांडवल म्हणतात. मालकाने उद्या घरखर्चासाठी गल्ल्यातून पैसे उचलले, तर तो दुकानाचा खर्च नसून मालकाची उचल ठरते, ती याच कारणाने.

फडताळे घेताना फडताळ खाते नावे व रोख खाते जमा झाले. संपत्ती कमी झाली नाही, तिचे रूप बदलले. माल आणताना खरेदी खाते नावे व ठोक व्यापाऱ्याचे खाते जमा झाले. उधारीची विक्री करताना शेतकऱ्याचे खाते नावे आणि विक्री खाते जमा झाले. शेतकऱ्याने पैसे दिले तेव्हा रोख खाते नावे पडले व शेतकऱ्याचे खाते ४,००० रुपयांनी जमा झाले. ठोक व्यापाऱ्याचे पैसे देताना त्याचे खाते नावे आणि रोख खाते जमा झाले. या नोंदी तारखेनुसार प्रथम रोजकीर्दीत होतात आणि तेथून खतावणीत ज्या त्या खात्यावर उतरतात. एखाद्या व्यवहारात तीन-चार खातीही येऊ शकतात. नावे व जमा रकमांची बेरीज मात्र सारखीच असावी लागते.

‘नावे’ म्हणजे वाईट आणि ‘जमा’ म्हणजे चांगले, हा समज बहुधा बँकेच्या पासबुकातून येतो. ठेवीदाराने पैसे भरले की पासबुकात ते जमा दिसतात, कारण पासबुक ही बँकेच्या वहीची प्रत आहे आणि बँक ते पैसे ठेवीदाराला देणे लागते. ठेवीदाराच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे बाजूस येते. बाजू हा लिहिण्याचा संकेत आहे: आजच्या पुस्तकांत नावे बाजू डावीकडे असते, तर जुन्या देशी नाम्याच्या वह्यांत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे मांडत.

== तेरीज ==

सर्व खात्यांच्या शिलकी एकत्र मांडल्या की तेरीज तयार होते.

| खाते | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| रोख | ३६,००० | |
| फडताळे | ८,००० | |
| खरेदी | ३०,००० | |
| शेतकरी | ५,६०० | |
| भांडवल | | ५०,००० |
| ठोक व्यापारी | | २०,००० |
| विक्री | | ९,६०० |
| एकूण | ७९,६०० | ७९,६०० |

आता नफा काढता येतो. शेतकऱ्याला दिलेल्या मालाची खरेदी किंमत ७,५०० रुपये होती असे धरल्यास नफा २,१०० रुपये होतो व २२,५०० रुपयांचा माल शिल्लक राहतो. रोख, फडताळे, येणे व शिल्लक माल मिळून मालमत्ता ७२,१०० रुपये. तीतून ठोक व्यापाऱ्याचे २०,००० वजा जाता ५२,१०० उरतात, म्हणजेच भांडवल अधिक नफा. पुढील समीकरण प्रत्येक नोंदीनंतर टिकून राहते ते दोन्ही टोके लिहिल्यामुळेच:

मालमत्ता = देणी + भांडवल

== चुका व मर्यादा ==

तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कमच अनेकदा चुकीकडे बोट दाखवते. विक्री खात्यात ९,६०० ऐवजी ६,९०० उतरले, तर फरक २,७०० येतो. त्याला ९ ने नि:शेष भाग जातो, आणि शेजारचे अंक उलटे पडल्यावर असेच होते. शेतकऱ्याकडून आलेले ४,००० रुपये त्याच्या खात्यात जमेऐवजी नावे पडले, तर फरक दुप्पट, म्हणजे ८,००० येतो. म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम कोठे आहे, हेही शोधून पाहतात.

तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे असे मात्र नव्हे. व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा दोन्ही खात्यांत सारखीच चुकीची रक्कम पडली, तरी बेरजा जुळतातच. गावात एकाच नावा-आडनावाची दोन माणसे असणे नवलाचे नाही. पहिल्याने दिलेले ४,००० रुपये दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले, तर तेरीज अचूक जुळेल, पण पैसे देऊनही पहिल्याकडे ९,६०० रुपयांची बाकी दिसत राहील. अशी चूक पावती ताडून पाहिल्यावर किंवा गिऱ्हाइकाला त्याचा खातेउतारा दाखविल्यावरच उघडकीस येते. म्हणून खात्यावर वडिलांचे नाव किंवा वस्तीचे नाव लिहिणे आणि प्रत्येक नोंदीशी पावतीचा क्रमांक टिपणे आवश्यक ठरते.