बांधकामावरील हत्यारवही

बांधकामावर सिमेंट आणि सळई यांचा हिशेब खर्चाचा असतो; एकदा कोठारातून गेलेला माल भिंतीत वा स्लॅबमध्ये विसावतो आणि तो परत यावा अशी कोणाची अपेक्षा नसते. फावडे, पहार, थापी, ओळंबा, ड्रिल किंवा ग्राइंडर यांची गोष्ट निराळी. ही हत्यारे सकाळी निघतात, अनेक हातांतून फिरतात आणि सायंकाळी परतली तरी सकाळच्याच स्थितीत परततील असा भरवसा नसतो. म्हणून त्यांच्यासाठी स्टोअरकीपर स्वतंत्र वही राखतो.

या वहीची रचना आपल्या जुन्या कीर्द-खतावणीच्या पद्धतीला अनुसरून असते. रोजच्या पानावर तारीख, वेळ, कामगाराचा टोकन क्रमांक, हत्याराचे नाव व त्यावर कोरलेला क्रमांक, देतेवेळची स्थिती आणि घेणाऱ्याची सही अथवा अंगठा, आणि त्याच ओळीत पुढे परतीची वेळ, परतीची स्थिती व स्टोअरकीपरची सही, अशी घरे आखलेली असतात. याच नोंदी पुढे प्रत्येक कामगाराच्या खात्यावर उतरविल्या जातात, जेणेकरून एखादा मनुष्य गावी निघाला असता त्याच्या नावे काय बाकी आहे ते एका पानावर दिसावे.

वहीचा खरेपणा पडताळण्याची रीत सोपी आहे. कोठारात असलेली, कामगारांच्या नावे असलेली, दुरुस्तीला गेलेली आणि भंगारात काढलेली हत्यारे यांची बेरीज एकूण खरेदीशी जुळली पाहिजे. खरेदी 40 फावड्यांची असून कोठारात 13, नावे 22, दुरुस्तीत 3 आणि भंगारात 1 असेल तर बेरीज 39 होते, आणि एका फावड्याचा शोध त्याच दिवशी घ्यावा लागतो. महिन्यानंतर तो शोध केवळ वादाला कारण होतो. अशी तूट बहुधा चोरीने पडत नाही. मुकादमाच्या एकट्या नावावर दहा फावडी दिली जातात, दुपारी पाळी बदलताना ती हातोहात दुसऱ्या टोळीकडे जातात आणि वहीला त्याचा पत्ता लागत नाही. दिवसभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच वळणाने आणि ‘आठ वाजता’, ‘सहा वाजता’ अशा ठोकळ वेळांनी भरलेल्या दिसल्या, तर ते पान सायंकाळी एका बैठकीत लिहिले आहे हे जाणत्या तपासनिसाच्या तत्काळ ध्यानात येते.

सर्वांत नाजूक घर मोडतोडीचे. घणाचे आघात सोसून छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते. त्याचे कपचे उडून डोळ्याला इजा होण्याचा संभव असल्यामुळे ती छिन्नी घासून घ्यावी लागते किंवा बाद करावी लागते, परंतु ती झीज आहे, कामगाराचा अपराध नव्हे. ग्राइंडरची चकती झिजून संपणे हाही खर्चच. मात्र चकतीवरील संरक्षक झाकण काढून ठेवलेले आढळले, तर त्याची चौकशी अवश्य झाली पाहिजे.

समजा, 7 क्रमांकाचा ग्राइंडर 42 क्रमांकाच्या कामगाराला सकाळी दिला आणि दुपारी तो जळका वास येऊन बंद पडला. मोटार त्याच्या हातात जळाली, म्हणून भुर्दंड त्याच्यावर बसविण्याचा मोह सहज होतो. परंतु वहीची मागील पाने उलटता दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या कामगाराने तोच ग्राइंडर परत करताना ‘आत ठिणग्या फार उडतात’ असा शेरा लिहविलेला सापडतो. कार्बन ब्रश झिजले की अशा ठिणग्या वाढतात, यंत्र तापते आणि अखेरीस गुंडाळी जळू शकते. ग्राइंडर दुरुस्तीला न पाठविता पुन्हा देण्यात आला, ही चूक कोठाराची ठरते. देतेवेळच्या स्थितीच्या घरात नुसते ‘ठीक’ लिहून भागविले असते आणि तो शेरा उतरविलाच नसता, तर 42 क्रमांकाच्या कामगाराजवळ बचावाचे काहीच साधन उरले नसते.

1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाने या बाबतीत स्पष्ट दंडक घातला, आणि 2019 च्या वेतन संहितेतही तो कायम राहिला: नुकसान कामगाराच्या दुर्लक्षाने वा कसुरीने झाले असले पाहिजे, कपात नुकसानीच्या रकमेहून अधिक असता कामा नये, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून ती करता येत नाही. तथापि वहीत ते म्हणणे लिहिण्यास जागाच नसेल, तर संधी दिली याचा पुरावा कोठून येणार? हत्यार कसे मोडले हे वही स्वतः पाहू शकत नाही. ती केवळ मोडण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती सांगते. त्या दोहोंमधील वृत्तांत ज्याच्या हातात हत्यार होते त्यालाच ठाऊक असतो. म्हणून मोडतोडीच्या घराशेजारी ‘कामगाराचे म्हणणे’ असे एक घर आखावे, ते त्याच्याच शब्दांत भरावे, त्याला वाचून दाखवावे आणि मगच त्याचा अंगठा घ्यावा.