प्रस्तावनेची नक्कल नसलेला उपसंहार

माझी पुतणी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. महाविद्यालयीन स्पर्धेसाठी तिने ‘यूपीआय आणि छोटा दुकानदार’ हा निबंध लिहिला व अखेरची नजर टाकावी म्हणून मजकडे आणला. प्रस्तावनेत वाक्य होते : ‘२०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि छोट्या दुकानदाराचा व्यवहार सोपा व जलद झाला.’ उपसंहारात : ‘अशा प्रकारे यूपीआयमुळे छोट्या दुकानदाराचा व्यवहार सोपा आणि जलद झाला, असे म्हणता येईल.’

मी तिला शेवटचा परिच्छेद आरंभी ठेवून निबंध वाचावयास सांगितले. ‘अशा प्रकारे’ एवढे शब्द वगळता काहीच खटकले नाही. मधल्या तीन पानांनी तिच्या विचारात जणू काहीच भर घातली नव्हती.

वास्तविक भर पडली होती. एका भाजीविक्रेतीशी बोलून तिने लिहिले होते की, या बाईंनी आजवर हिशेबाची वही ठेवली नाही. आता मात्र ग्राहकांनी मोबाईलवरून दिलेले पैसे खात्याच्या उताऱ्यात दिसतात. एवढे नोंदवून ती पुढे गेली होती. कर्जाचे अर्ज वाचण्यात आयुष्य गेलेला मी तेथेच थांबलो. धंदा चांगला, पण दाखवायला कागद नाही, असे कितीतरी अर्जदार समोर बसलेले आठवले.

‘‘या बाईंना उद्या कर्ज हवे असेल, तर त्या बँकेत काय नेतील?’’

‘‘खात्याचा उतारा, काका.’’

‘‘हे तुझ्या प्रस्तावनेला ठाऊक होते का?’’

ती हसली आणि लिहावयास बसली. पहिला प्रयत्न मात्र दुसऱ्या टोकाला गेला : ‘आता प्रत्येक छोट्या व्यापाऱ्यास सहज कर्ज मिळेल.’ पुरावा एका भाजीविक्रेतीचा आणि निष्कर्ष साऱ्या व्यापाऱ्यांचा! शिवाय उताऱ्यात जमा दिसते, नफा नव्हे. भावाने पाठवलेले पैसेही त्यातच असतात. तिला कर्जवाटपाची नवी आकडेवारीही शेवटी घालावयाची होती. ती मी काढावयास लावली, कारण शेवटच्या ओळींत आलेला पुरावा तपासून पाहण्यास पुढे जागाच उरत नाही.

भाजीविक्रेतीचा परिच्छेद उपसंहाराच्या लगेच आधी आणून तिने अखेर असे लिहिले : ‘व्यवहार सोपा झाला, हे ग्राहकालाही दिसते. परंतु भाजीविक्रेतीच्या विक्रीची जी नोंद पूर्वी कोठेच उरत नसे, ती आता अंशतः उरते. तिच्यातून नफा कळत नाही. रोखीची विक्रीही तिच्यात नाही. तरीही कधी वही न ठेवलेल्या बाईंच्या हाती, न मागता, वहीची काही पाने आली आहेत.’

हा परिच्छेद आम्ही पुन्हा आरंभी ठेवून पाहिला. ‘‘काका, कोण ही भाजीविक्रेती, असे वाचणारा विचारील,’’ ती म्हणाली आणि तिने तो परत शेवटी नेला.