खाली सही करून

ही एक छोटी गोष्ट आहे. तिच्यातली आई कल्पनेतली आहे, पण ती ज्या कागदाशी झटते त्यातला शब्दन् शब्द मराठी शाळांच्या परिपत्रकांत रोज दिसणारा आहे.

ही आई बिहारमधल्या सिवान जिल्ह्यातली. नवरा पुण्याजवळ वाघोलीत इमारतींच्या कामावर फरशी बसवतो. तिचं शिक्षण दहावीपर्यंत, हिंदी माध्यमातून. मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे. मुलगी मराठी फडाफडा बोलते, पण शाळेचा कागद वाचायचा तर तीही अडते, कारण कागदावरची मराठी तिच्या मैत्रिणी बोलत नाहीत. म्हणून मुलं झोपली की आई रद्दीतून आणलेला मराठी-हिंदी शब्दकोश, वही आणि पेन्सिल घेऊन जमिनीवर बसते. आजचा कागद असा आहे:

‘पालकांना कळविण्यात येते की, इयत्ता तिसरीची सहल शुक्रवार, दि. १२ डिसेंबर रोजी आयोजित केली आहे. आपल्या पाल्यास सहलीस पाठवायचे असल्यास सोबतचे संमतिपत्र भरून, खाली सही करून मंगळवारपर्यंत वर्गशिक्षिकांकडे जमा करावे. मुदतीनंतर आलेली संमतिपत्रे स्वीकारली जाणार नाहीत. विद्यार्थ्यांनी दागिने घालू नयेत.’

लिपी देवनागरीच, त्यामुळे अक्षरं तिला सगळी येतात. एक ‘ळ’ तेवढा नवा. त्याची युक्ती तिने आधीच शोधून ठेवलीय: ‘ळ’च्या जागी ‘ल’ वाचायचा. शाळा म्हणजे शाला, फळ म्हणजे फल, मंगळवार म्हणजे मंगल. ही युक्ती बहुतेक वेळा चालते. पण ‘कळविण्यात’ला ती लावली की ‘कल’ निघतं, आणि कल म्हणजे हिंदीत काल किंवा उद्या. उद्या काही आहे का? ती कोश उघडते आणि ‘कल’च्या पानावर शोधते. तिथे शब्द सापडत नाही, कारण मराठी वर्णमालेत ‘ळ’ बसतो ‘ह’च्या नंतर, आणि बहुतेक कोश तोच क्रम पाळतात. पुढची दोन-तीन पानं उलटल्यावर ‘कळणे’ मिळतं, त्याच्याखाली ‘कळवणे’: सूचित करना. म्हणजे ‘कळविण्यात येते की’ एवढं सगळं लिहून शाळेने अजून काहीच सांगितलेलं नाही. हे कळायला तिला दहा मिनिटं लागली. वहीत ती लिहून ठेवते की पुढच्या वेळी पहिली ओळ सोडायची आणि आधी तारीख-वार शोधायचे.

मग येतो ‘पाल्यास’. हा शब्द कोणत्याही कोशात नाही. मराठी शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचं शेपूट आधी बदलतं, मग प्रत्यय त्याला चिकटतो. आपण शाळेत याला सामान्यरूप म्हणायला शिकलो आणि विसरलो. हिंदीतही हे होतं, ‘घोड़ा’चं ‘घोड़े को’ होतं, पण तिथे ‘को’ सुटा लिहितात, त्यामुळे मूळ शब्द डोळ्यांना वेगळा दिसतो. मराठीत ‘घोड्याला’, ‘घोड्यास’, ‘घोड्यापर्यंत’ हे सगळे एकसंध शब्द. कोशात मात्र फक्त ‘घोडा’ असतो. म्हणजे कोश वापरायचा तर आधी शब्द सोलता यायला हवा.

ती सोलते. शेवटचा ‘स’ काढला, राहिलं ‘पाल्या’. ‘घोड्या’चा ‘घोडा’, तसा ‘पाल्या’चा ‘पाला’. कोशात पाला आहे: झाडाची पानं. ‘आपल्या पाल्याला सहलीला पाठवायचे.’ शाळेला पाला कशाला हवा? ती पुन्हा वाचते. नियमात तिची काहीच चूक नाही, ‘पाला’चं रूप खरोखरच ‘पाल्यास’ होतं. पण एकाच रूपाची वाट दोन शब्दांकडे जाऊ शकते. चुकीच्या वाटेची खूण एवढीच की वाक्य वेडंवाकडं होतं. म्हणून ती कोशातल्या त्याच पानावर बोट खाली सरकवते. थोडं पुढे ‘पाल्य’ आहे: ज्याचं पालन करायचं तो, मूल. आता वाक्य बसलं.

‘सहलीस’ला हीच किल्ली लागते. ‘स’ काढला, ‘सहली’ची ‘सहल’ झाली, अर्थ सैर. मग येतं ‘असल्यास’. इथेही शेवटी ‘स’ आहे, पण हा ‘ला’च्या अर्थाचा नाही. क्रियापदाला लागलेला ‘-ल्यास’ म्हणजे ‘तर’. आल्यास, गेल्यास, असल्यास: आला तर, गेला तर, असेल तर. हे शब्दकोश सांगत नाही, ते व्याकरणाचं काम. आईला ते आठवतं बसमधल्या आणि दुकानांतल्या पाट्यांवरून, जिथे ‘आढळल्यास’च्या पुढे नेहमी दंडाची रक्कम लिहिलेली असते. म्हणजे सहल सक्तीची नाही, पाठवायचं असेल तरच पुढचं सगळं. एका ‘-ल्यास’वर आज्ञा आहे की मुभा आहे, ते ठरतं.

इथपर्यंतचे शब्द अनोळखी होते, म्हणून तिने ते शोधले. खरा धोका पुढच्या तीन शब्दांत आहे, कारण ते ओळखीचे आहेत: ‘खाली सही करून’.

तिच्या भागातल्या बोलण्यात ‘खाली’ म्हणजे रिकामं, आणि ‘फक्त’ या अर्थानेही तो सर्रास वापरतात. ‘सही’ म्हणजे बरोबर. तेव्हा तिने वाचलं: फक्त बरोबर करून द्या. संमतिपत्रावर ‘पाठवणार आहे’ आणि ‘पाठवणार नाही’ असे दोन चौकोन छापलेले होते. तिने पहिल्या चौकोनात ठळक बरोबरची खूण केली, आणि त्याखालची रेघ मोकळी राहिली. वाक्याला अर्थ होता, कागदाशी तो जुळतही होता. कोश उघडायचं तिला काही कारणच नव्हतं.

असे जोडशब्द या दोन भाषांत बरेच आहेत. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्या शाळांत ‘समग्र शिक्षा’ हे केंद्राच्या योजनेचं नाव वाचताना मराठी माणूस क्षणभर जसा अडखळतो, तसाच हा अनुभव, फक्त उलट्या बाजूने. कधी शब्दाचं मूळ वेगळं असतं, कधी एकाच मुळापासून अर्थ दोन वाटांनी गेलेला असतो. ‘सही’चं मूळ एकच, अरबी ‘सहीह’, म्हणजे खरं, बिनचूक. हिंदीने तो अर्थ धरून ठेवला. मराठीत कागद खरा ठरवणारी जी खूण, तिलाच सही म्हणू लागले.

तिला वाचवलं ते पुढच्या ओळीने. ‘मुदतीनंतर आलेली संमतिपत्रे’ वाचताना तिने ‘नंतर’ सोलून काढलं, राहिलं ‘मुदती’, म्हणजे ‘मुदत’. हिंदीत ‘मुद्दत’ म्हणजे दीर्घ काळ. ‘युगं लोटल्यावर आलेली संमतिपत्रे स्वीकारली जाणार नाहीत.’ चार दिवसांवर आलेल्या सहलीला युगांची भाषा कशी? वाक्य पुन्हा वेडंवाकडं झालं, तशी तिने ओळखीच्या शब्दासाठी पहिल्यांदा कोश उघडला. मुदत: नियत अवधि. म्हणजे मंगळवार उलटला की कागद घेणार नाहीत.

तिने पेन्सिल खाली ठेवली. एक ओळखीचा शब्द फसवतो, तर बाकीचे? ती कागदाच्या सुरुवातीला परत गेली आणि आतापर्यंत न शोधलेला प्रत्येक शब्द शोधू लागली. जमा तोच होता. भरणेही जवळपास तोच. खाली: नीचे. सही: हस्ताक्षर.

रेघ मोकळी राहिली असती तर मंगळवारी कागद परत आला असता, आणि बुधवारी मुदत संपलेली असती.

शेवटच्या ओळीत ‘दागिने’ पाहून तिला ‘दाग’ आठवला, डाग पडलेले कपडे असतील असं वाटलं. पण आता तिचा ओळखीवर भरवसा राहिला नव्हता. कोशात ‘दागिना’ निघाला: गहना. ‘नयेत’मधला ‘त’ सोलल्यावर ‘नये’ मिळालं, आणि सगळा निषेध त्या दोन अक्षरांत होता. मुलीच्या कानातल्या चांदीच्या बाळ्या काढून तिने डब्यात ठेवल्या. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

एक गोष्ट कोशात नव्हतीच. सहलीला पैसे लागणार का? कागद त्याबद्दल गप्प होता, आणि गप्प राहण्याचा अर्थ शब्दकोश सांगू शकत नाही. सकाळी ती फाटकापाशी थांबली.

“मॅडम, पैसा कितना देना है?”

“काही नाही द्यायचं ताई. सही केलीत ना?”

“हाँ. नीचे की है.”

बाईंनी रेघेवरचं नाव पाहिलं, आणि शेजारच्या चौकोनातली ठळक खूणही. ती तिथे का आहे, हे त्यांनी विचारलं, तेव्हा आईने वही उघडून दाखवली. तीत पालाही होता आणि मुद्दतही.

पुढचं पत्रक बाईंनी वेगळं लिहिलं. ‘सहल: शुक्रवार, १२ डिसेंबर. मूल येणार असेल तर हा कागद भरा. या रेघेवर तुमचं नाव लिहून सही करा. शेवटचा दिवस: मंगळवार. दागिने घालू नका.’ मजकूर तोच, पण ‘पाल्यास’ नाही, ‘मुदतीनंतर’ नाही, ‘नयेत’ नाही. वाक्य छोटं आणि क्रियापद सरळ आज्ञेत असलं की सोलायला फारसं उरत नाही. ‘सही’ शब्द बाईंनी काढला नाही, कारण रोजच्या मराठीत तोच शब्द चालतो. त्याच्यापुढे रेघ आखली आणि ‘नाव लिहून’ हे दोन शब्द जोडले, म्हणजे बरोबरची खूण करायला जागाच राहणार नाही.

महिन्याभराने मुलीने दप्तरातून आणखी एक कागद काढला. शनिवारी शाळेत ‘हस्ताक्षर स्पर्धा’. या शब्दाला तर शोधायचं कारणच नव्हतं. हस्ताक्षर म्हणजे हिंदीत सही, आणि ‘सही’पुढे तोच शब्द तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिला होता. पण लहान मुलांची सह्या करण्याची स्पर्धा कशी असेल? तिने एकदा कागदाकडे पाहिलं, मुलीच्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि कोश मांडीवर घेऊन ‘ह’चं पान काढलं.