ग्रीन टी : कपातली आणि कॅप्सूलमधली

ग्रीन टी आणि आपला नेहमीचा चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो खुडणीनंतरच्या प्रक्रियेमुळे. ग्रीन टीसाठी पाने खुडल्यावर लवकरच वाफवतात किंवा तापलेल्या कढईत परततात. त्यामुळे पानांतली विकरे निकामी होतात आणि कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये बरीचशी तशीच राहतात. काळ्या चहात हीच विकरे कॅटेचिनांचे रूपांतर गडद रंगाच्या दुसऱ्या द्रव्यांत करतात. कॅटेचिनांपैकी प्रमाणाने सर्वांत जास्त आणि सर्वाधिक अभ्यासले गेलेले द्रव्य म्हणजे ईजीसीजी.

ग्रीन टीची ख्याती आहे ती अँटिऑक्सिडंट म्हणून. परीक्षानळीत ईजीसीजी खरोखरच मुक्त मूलकांना निष्प्रभ करते. शरीरात मात्र गणित बदलते. आतड्यातून त्याचा अगदी थोडा अंश रक्तात शिरतो आणि तोही काही तासांत बाहेर टाकला जातो. प्रयोगशाळेत पेशींवर वापरलेली मात्रा चहा पिणाऱ्याच्या रक्तातल्या मात्रेच्या अनेक पटींनी जास्त असते. त्यातच पेशींच्या द्रावणात ईजीसीजीचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणजे जास्त मात्रेत हेच द्रव्य उलट काम करू शकते. परीक्षानळीतल्या निष्कर्षावरून माणसाच्या आरोग्याबद्दल दावा करता येत नाही, तो यामुळेच.

अर्काची गोष्ट याहून गंभीर आहे. आतड्यातून शोषलेले ईजीसीजी आधी यकृतात पोहोचते. दिवसभरात घोटाघोटाने प्यायलेल्या चहातून ते थोडे थोडे येते, तर अर्काच्या कॅप्सूलमधून एकदम येते. पोट रिकामे असेल तर रक्तातले प्रमाण आणखी कितीतरी वाढते. वजन कमी करण्यासाठी विकला जाणारा ‘एक्सोलिझ’ हा ग्रीन टीचा अर्क 2003 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये बाजारातून काढून घेण्यात आला, तो यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे.

पण अशा नोंदींतून धोका नेमका किती, हे कळत नाही. त्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटात झालेली चाचणी मोलाची ठरते. रजोनिवृत्ती झालेल्या हजाराहून अधिक स्त्रियांचे तिथे दोन गट केले. एका गटाला वर्षभर रोज चार कॅप्सूलमधून 843 मिलिग्रॅम ईजीसीजी दिले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल. हेतू स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो का, हे पाहण्याचा होता. मॅमोग्रामवर दिसणारी स्तनांची घनता एकूण गटात काही कमी झाली नाही. यकृताचे एएलटी, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचे एसजीपीटी, मात्र अर्क घेणाऱ्यांपैकी 5.1 टक्के स्त्रियांत लक्षणीय वाढले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 0.7 टक्के होते. कॅप्सूल थांबवल्यावर आकडा खाली आला आणि काहींना पुन्हा सुरू केल्यावर तो परत चढला. दोष अर्काचाच होता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

तरीही बहुतेकांना काहीच का झाले नाही? उत्तराचा एक भाग जनुकांत आहे. अर्कामुळे यकृताला इजा झालेल्या अमेरिकेतील रुग्णांमध्ये रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-बी*35:01 हे जनुकरूप इतरांच्या मानाने फार अधिक आढळले. हे जनुकरूप असलेल्या प्रत्येकाला त्रास होतो असे नाही. पण आपल्यात ते आहे की नाही, हे कॅप्सूल घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सगळा पुरावा तपासला. पाण्यात उकळून किंवा भिजवून केलेला ग्रीन टी सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे, पण पूरक म्हणून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरे वाढतात, असा तिचा निष्कर्ष होता. 800 च्या खालची कोणती मात्रा निर्धोक, हे मात्र तिला ठरवता आले नाही. पुढे युरोपीय संघाने पूरकांतील रोजची मात्रा 800 च्या आत ठेवण्याचे बंधन घातले आणि रिकाम्या पोटी घेऊ नये, गरोदर व स्तनदा मातांनी आणि 18 वर्षांखालील मुलांनी घेऊ नये, असे इशारे लेबलवर सक्तीचे केले.

म्हणून डबीवर ‘अर्क 500 मिलिग्रॅम’ एवढेच वाचून थांबू नये. त्यात ईजीसीजी 50 टक्के असेल तर एका कॅप्सूलमध्ये 250 मिलिग्रॅम आणि चार कॅप्सूलमध्ये 1000 मिलिग्रॅम होते. टक्केवारीच दिलेली नसेल तर ती डबी घेऊ नये. इजेची लक्षणे बहुधा सुरुवात केल्यापासून एक ते सहा महिन्यांत दिसतात : भूक मरणे, मळमळ, थकवा, गडद लघवी, डोळे पिवळे होणे. यांपैकी काहीही जाणवले तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करावी आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्यावी. ‘वनस्पतीचेच आहे’ म्हणून ती लपवली, तर काविळीचे कारण भलतीकडेच शोधले जाते.