संध्याकाळी साडेसहाची तलफ

दारू सोडून दहा-बारा दिवस झाले, की घरच्यांना एक नवीच काळजी लागते. शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या, चहात तीन चमचे साखर, आणि काल आणलेला पेढ्यांचा पुडा आज रिकामा. एक सुटलं नि दुसरं लागलं की काय?

समजा, हा माणूस रोज व्हिस्कीची एक क्वार्टर घ्यायचा, म्हणजे १८० मिलिलिटर. त्यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि दर ग्रॅममागे ७ कॅलरी, म्हणजे चारशेच्या वर. व्हिस्कीत साखर नसते, पण तेवढ्या कॅलरी साखरेतून घ्यायच्या तर शंभरेक ग्रॅम साखर लागेल. ही रोजची रसद एका दिवसात तुटते. त्यात चाखण्यावर भागवून रात्रीचं जेवण टाळायची सवय जुनीच. भूक खरीच लागलेली असते, पण इतकी वर्षं त्या वेळेला तिचं नाव ‘दारू’ होतं, म्हणून ती ओळखू येत नाही.

दुसरं कारण मेंदूत आहे. दारू आणि गोड, दोन्हींमुळे सुखाची जाणीव देणारी तीच यंत्रणा जागी होते, डोपामिन स्रवतं. दारू बंद झाल्यावर तिथे पोकळी राहते, आणि पेढा ती पटकन, थोडा वेळ भरून काढतो. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या १९७५ सालच्या पुस्तिकेतही तलफ आली की काहीतरी गोड खा, असा सल्ला आहे. म्हणून पहिले काही आठवडे गोडावरून घरात भांडण नको. बाटलीपेक्षा पेढा केव्हाही बरा.

मात्र नुसत्या गोडाने साखर भरभर चढते आणि उतरते, मग पुन्हा खावंसं वाटतं. उपाय वेळेत आहे. पिण्याची वेळ सातची असेल, तर साडेसहाला पोटभर खायचं: भाकरी आणि मटकीची उसळ, नाहीतर दोन अंडी. गोड त्यानंतर, एखादी चिक्की. दिवसभरातही तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहायचं नाही. रम घातलेला केक आणि दारू भरलेली चॉकलेटं मात्र वर्ज्य.

मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा आजार असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच. आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. दारू थांबवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरले, घाम फुटला, भास झाले किंवा फिट आली, तर ‘साखर कमी झाली असेल’ म्हणून सरबत पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व बरेचदा कमी असतं. साखर वापरताना शरीर तेही खर्च करतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला दवाखान्यात बी-१चं इंजेक्शन देतात. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ‘हा रोज पितो’ हे नातेवाइकांनी डॉक्टरांना न लाजता सांगायला हवं.