जवळजवळच्या आकड्यांची क्रमवारी आणि ठिपक्यांचा आलेख

२०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या तत्कालीन ३५ जिल्ह्यांचे साक्षरतेचे प्रमाण स्तंभालेखात मांडू गेल्यास, शून्यापासून निघालेले ते ३५ स्तंभ कवायतीला उभ्या केलेल्या शिपायांसारखे जवळपास एकाच उंचीचे भासतात, आणि मधल्या जिल्ह्यांतील एक-दोन टक्क्यांचे अंतर डोळ्यांस मुळीच जाणवत नाही. यावर उपाय म्हणून अक्ष साठापासून सुरू करावा, तर नंदुरबारचे सुमारे ६४ आणि मुंबई उपनगरचे सुमारे ९० यांचे स्तंभ चारास तीस अशा प्रमाणात दिसू लागतात. वास्तविक फरक दीडपटीचाही नाही! स्तंभ आपल्या लांबीने बोलतो, म्हणून त्याचे मूळ छाटणे ही सरळसरळ दिशाभूल होय.

ठिपका मात्र केवळ स्थानाने बोलतो, आणि त्यामुळे विल्यम क्लीव्हलंड यांनी १९८४ साली पुरस्कारलेल्या ठिपक्यांच्या आलेखात अक्ष साठापासून आरंभिण्यास हरकत नाही. जिल्ह्यांची नावे डावीकडे आडवी लिहावीत, क्रम अकारविल्हे न लावता मूल्यानुसार लावावा, आणि अक्षाचा आरंभबिंदू ठळक नोंदवावा. मात्र एक मूल्य दुसऱ्याच्या किती पट आहे हेच दाखवायचे असेल, तर शून्यापासूनचा स्तंभच वापरावा.